हात शिवशिवतात तेव्हा

माझा मावसभाऊ सांगलीत औषधांचं दुकान चालवतो. गल्ल्याशेजारी मोबाइल ठेवून तो शेअर बाजारात इंट्राडे करतो, म्हणजे घेतलेले शेअर त्याच दिवशी बाजार बंद व्हायच्या आत विकून मोकळा होतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा फोन आला. "दादा, आज चौदा ट्रेड झाले. आठ बरोबर आले, सहा चुकले. तरी पैसे गेलेत. हिशेब कुठे चुकतोय ते बघ ना जरा."

त्याने ब्रोकरकडून आलेली कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवली. त्या दिवसाचे सगळे सौदे आणि त्यांवरचे सगळे खर्च या एका कागदावर येतात. बहुतेक लोक ती उघडूनही पाहत नाहीत. हिशेब कुठेच चुकला नव्हता. चुकला होता तो दिवस, आणि त्या दिवशी चौदा वेळा बाजारात शिरणं.

त्याचा शेअर साधारण ४०० रुपयांचा. एका वेळी तो ५०० शेअर घेतो, म्हणजे दोन लाखांचा सौदा. आठ बरोबर ट्रेडमध्ये त्याला शेअरमागे सरासरी ७० पैसे मिळाले होते, त्याचे झाले २,८०० रुपये. सहा चुकलेल्यांत सरासरी ८० पैसे गेले, म्हणजे २,४०० रुपये. वरकरणी ४०० रुपये नफा. आता खर्च पाहू. घेताना २० आणि विकताना २० अशी ४० रुपये दलाली. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, म्हणजे सरकारचा व्यवहार कर, ५० रुपये. एक्स्चेंजचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी २८ च्या आसपास. एका ट्रेडचे झाले ११८ रुपये आणि चौदा ट्रेडचे १,६५२. चारशे मिळवून माणूस १,२५२ रुपये हरून उठला होता.

हे ११८ रुपये शेअरमागे जवळपास २४ पैसे पडतात. भाव किती हलतो याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तुम्ही चार रुपये कमावलेत तरी २४ पैसे जातात, एक रुपया गमावलात तरी २४ पैसे जातातच. संथ दिवसाचं सगळं दुखणं इथे आहे. त्याचा शेअर एरवी दिवसभरात आठ रुपयांच्या पट्ट्यात फिरतो. अशा दिवशी चार रुपये मिळवायचे किंवा चार रुपये गमवायचे, असा सौदा करता येतो. खर्च धरून मिळतात ३.७६ आणि जातात ४.२४. शंभरातले ५३ सौदे बरोबर आले की माणूस ना नफा ना तोट्यावर येतो. त्या डिसेंबरच्या दिवशी मात्र भाव सकाळपासून तीन रुपयांत घुटमळत होता. तिथे फार तर एका रुपयाचा सौदा होतो, म्हणजे मिळतात ७६ पैसे आणि जातात १.२४ रुपये. आता नुसतं पाण्यावर राहायलाही शंभरातले ६२ बरोबर यावे लागतात. माणूस तोच, त्याची नजर तीच, पण परीक्षा पास व्हायचे गुण बाजाराने परस्पर वाढवून ठेवले. आणि नेमक्या अशाच दिवशी आपण जास्त वेळा परीक्षेला बसतो.

का बसतो, ते भावानेच सांगितलं. "गिऱ्हाईक नव्हतं, बाजारही मेलेला. स्क्रीनकडे बघून बघून हात शिवशिवायला लागले." हे मी हसण्यावारी नेलं नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी काही लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं होतं. सोबत फक्त एक बटण, दाबलं की विजेचा चटका बसणारं. तो चटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असं या लोकांनी आधी सांगितलं होतं. तरीही अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहा जणींनी त्या पंधरा मिनिटांत स्वतःला किमान एकदा चटका दिलाच. काहीच न घडण्यापेक्षा काहीतरी वाईट घडलेलं बरं, असं मनाला वाटू शकतं. मोबाइलवर खरेदीचं बटण समोर असताना आणि भाव हलत नसताना माणसाची अवस्था त्या खोलीतल्यासारखीच असते.

कंटाळ्यातला ट्रेड ओळखायची माझी एक खूण आहे. चांगल्या ट्रेडचं कारण तो घेण्याआधी एका वाक्यात सांगता येतं: भाव कुठे आला म्हणून घेतोय, कुठे गेला तर चूक मानून बाहेर पडेन. कंटाळ्यातल्या ट्रेडला कारण नंतर सुचतं. आणखी एक खूण कॉन्ट्रॅक्ट नोटवर वेळेच्या रकान्यात सापडते. भावाचे पहिले दोन सौदे साडेअकराच्या आत झाले होते आणि त्यांच्यात तासाभराचं अंतर होतं. बाकीचे बारा साडेबारा ते तीनच्या दरम्यान, काही तर आधीचा संपल्यावर दोन-तीन मिनिटांत घेतलेले. दोन मिनिटांत बाजारात नवीन काही घडलं नव्हतं.

मग आम्ही एक काम केलं, आणि ते कुणालाही एका रविवारी करता येईल. त्याच्या मागच्या ६० दिवसांच्या सौद्यांची यादी ब्रोकरच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली. प्रत्येक दिवसाच्या ट्रेडना क्रमांक दिले: त्या दिवसाचा पहिला, दुसरा, तिसरा असे. मग सगळ्या दिवसांचे पहिले एकत्र, दुसरे एकत्र अशा बेरजा केल्या, खर्च वजा करून. पहिल्या तीन क्रमांकांची बेरीज १८,४०० रुपये नफा आली. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत २,१०० रुपये तोटा. सातव्यापासून पुढे सुमारे १९० ट्रेड होते आणि त्यांनी ३१,७०० रुपये घालवले होते. त्यातले बावीस हजारांहून अधिक तर निव्वळ खर्चात गेले. भाव बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

नियम तिथूनच आला: दिवसाला जास्तीत जास्त तीन ट्रेड. आकडा माझ्या डोक्यातून निघालेला नाही, त्याच्या वहीतून निघालेला आहे. दुसऱ्याच्या वहीतून दोन निघेल किंवा पाच. साठ दिवस ही फार मोठी मुदत नाही, पहिल्या तिनांतल्या नफ्यात नशिबाचा वाटाही असू शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी हा हिशेब पुन्हा करायचा, असं ठरलं.

एक खुलासा इथेच केला पाहिजे. सेबीने जुलै २०२४ मध्ये शेअर्समधल्या इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२२-२३ या वर्षात दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला ५०० पेक्षा जास्त ट्रेड करणाऱ्यांत हे प्रमाण ८० टक्के होतं. तोट्यातल्या लोकांनी तोट्याच्या ५७ टक्क्यांइतकी आणखी रक्कम खर्चापोटी भरली होती. जास्त ट्रेड केल्यामुळेच तोटा झाला, असं यावरून सिद्ध होत नाही. हरलेला माणूस भरून काढायला म्हणूनही जास्त ट्रेड करतो. पण वर्षाचे ५०० म्हणजे दिवसाला जेमतेम दोन. रोज न चुकता तीन घेणारा त्या गटात आरामात बसतो. म्हणून तीन ही फक्त वरची मर्यादा आहे. शून्यही चालतो.

नियम एका ओळीचा असला तरी मोजायचं कसं, यावर तो टिकतो किंवा मोडतो. आत शिरणं म्हणजे एक ट्रेड. हातात शेअर असताना आणखी घेतले, भाव पडला म्हणून सरासरी खाली आणली, तर तोही नवा ट्रेड धरायचा. विकून लगेच उलट बाजूचा सौदा केला तर तो दुसरा. बाहेर पडणं मात्र कधीच मोजायचं नाही, कारण मर्यादा संपली म्हणून तोट्यातला सौदा धरून बसायची वेळ कुणावर येता कामा नये. स्टॉप लॉसची ऑर्डर आत शिरल्याबरोबर लावायची. सव्वानऊला बाजार उघडण्याआधी पुठ्ठ्यावर तीन चौकोन काढायचे आणि प्रत्येक ट्रेड घेण्याआधी, नंतर नव्हे, एक चौकोन भरायचा. हे पेनाने करायचं काम महत्त्वाचं आहे. बोटाला स्क्रीनवरून कागदावर यावं लागतं, आणि तेवढ्यात बरेचसे ट्रेड गळून पडतात.

पहिल्या महिन्यात नियमाला पळवाटा फुटल्या. दुसऱ्या आठवड्यात त्याने ५०० ऐवजी हजार शेअर घ्यायला सुरुवात केली. ट्रेड तीनच, पण धोका दुप्पट. मग शेअरची संख्याही पुठ्ठ्यावर लिहिली गेली. नंतर वहिनीच्या खात्यावरून दोन सौदे झाले, ते तिनेच मला सांगितलं. घरातली सगळी खाती मिळून तीन, असं ठरलं. सगळ्यात चिवट पळवाट म्हणजे उरलेला चौकोन. अडीच वाजलेत, एक शिल्लक आहे, तर वापरून टाकू. संथ दिवशी कंटाळा याच दारातून परत येतो. त्यावर आम्ही दोन गोष्टी केल्या. दोननंतर नवा ट्रेड नाही, आणि उरलेला चौकोन उद्याला जोडायचा नाही.

संथ दिवस आधी ओळखायला आम्ही एक ठोकताळाही जोडला. त्या शेअरचा वीस दिवसांतला सरासरी पट्टा आठ रुपये असेल आणि साडेदहापर्यंत भाव दोन रुपयेही हलला नसेल, तर तीनाचा एकच चौकोन करायचा. सकाळचा पहिला तास एरवी सर्वांत हलता असतो. तोच झोपला असेल तर दुपार बहुधा झोपूनच जाते. ठोकताळा कधी चुकतो आणि दुपारी अचानक भाव सुटतो. तेव्हा चुकलेल्या संधीचं भावाला वाईट वाटतं, मलाही वाटतं. ती किंमत धरूनच नियम घेतलाय. शिवाय ज्याची पद्धतच तोट्याची आहे त्याला हा नियम नफ्यात आणणार नाही, फक्त हरण्याचा वेग कमी करेल.

काही ब्रोकरच्या ॲपमध्ये किल स्विच असतो. तो दाबला की ठरावीक तास सौदे बंद होतात आणि मन बदललं तरी मध्येच उघडत नाहीत. हातात एकही सौदा उरला नाही की भाव आता तो दाबतो. परवा दुपारी फोन केला तेव्हा मागून पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आवाज येत होता. मुदत संपत आलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या तो कंपनीला परत पाठवायला वेगळ्या काढत होता, दोन महिने राहून गेलेलं काम. मी विचारलं, आज किती झाले? "एक," तो म्हणाला, "सव्वाशे रुपये गेले. थांब दादा, गिऱ्हाईक आलंय."