उत्तर बरोबर, आकृती चूक

दहावीच्या त्रिकोणमितीच्या सरावसंचात दीपगृहाचे गणित बहुधा असतेच. वरून दोन होड्या दिसतात, त्यांचे अवनत कोन दिलेले असतात आणि होड्यांमधले अंतर काढायचे असते. आपण आकडे घेऊ. निरीक्षकाचा डोळा समुद्रसपाटीपासून ६० मीटर उंचीवर आहे. दोन्ही होड्या दीपगृहाच्या एकाच बाजूला, दीपगृहाच्या पायथ्याशी एका रेषेत आहेत आणि अवनत कोन ३०° व ६०° आहेत.

मुले घाईने एक उभी रेघ मारतात, तिच्या टोकापासून पाण्यापर्यंत दोन तिरप्या रेघा ओढतात आणि ३०° लिहायला जागा शोधू लागतात. टोकाशी कोपरा एकच दिसतो, दीपगृह आणि तिरपी रेघ यांच्यामधला. मग कोन तिथेच जाऊन बसतो. खरे तर अवनत कोनाचा दीपगृहाच्या उभ्या रेघेशी थेट संबंध नाही. निरीक्षक आधी सरळ समोर पाहतो आणि मग होडी दिसेपर्यंत नजर खाली आणतो. नजर जितकी खाली वळली तितका अवनत कोन. म्हणून टोकातून समुद्राला समांतर अशी तुटक रेघ आधी काढायला हवी. ती नसेल, तर कोन मोजायला सुरुवात कुठून करायची हेच कागदावर नसते.

ही रेघ काढली की पुढचे काम सोपे होते. वरची तुटक रेघ आणि खालची पाण्याची रेघ समांतर आहेत, दृष्टिरेषा त्यांची छेदिका. व्युत्क्रम कोन समान असतात, म्हणून वरचा ३०° चा कोन तसाच खाली होडीपाशी येतो. आता काटकोन त्रिकोणात होडीच्या कोनासमोर दीपगृहाची उंची आहे आणि लगतची बाजू म्हणजे हवे असलेले अंतर. पहिल्या होडीसाठी टॅन ३०° = ६० ÷ अंतर, म्हणून अंतर ६०√३. √३ ची किंमत १.७३ घेतली तर ते १०३.८ मीटर येते. दुसऱ्या होडीसाठी ६० ÷ √३, म्हणजेच २०√३, ३४.६ मीटर. दोन होड्यांमधले अंतर ६९.२ मीटर.

आता चुकीच्या आकृतीचे काय होते ते पाहा. कोन दीपगृहाला चिकटवला की ३०° ची होडी ३४.६ मीटरवर येते आणि ६०° ची १०३.८ मीटरवर जाते. वजाबाकी केली की पुन्हा ६९.२! पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या उत्तराशी ते जुळते, वहीत बरोबरची खूण पडते आणि चूक पुढच्या गणितापर्यंत तशीच राहते. ३० आणि ६० यांची बेरीज ९० असल्यामुळे दोन्ही होड्यांची फक्त अदलाबदल होते. होड्या दीपगृहाच्या दोन बाजूंना असत्या तरी बेरीज तीच आली असती. ४५° च्या एकाच होडीचे गणितही असेच फसवे आहे. तिथे कोन कुठेही लिहिला तरी अंतर उंचीइतकेच येते. सरावपत्रिका तयार करणाऱ्यांनी म्हणूनच या कोनांवर फार विसंबू नये असे मला वाटते. त्यांनी आकडेमोड तपासली जाते, आकृती नाही.

याच गणितात ६०° ऐवजी ४५° घालून पाहा. बरोबर आकृतीत होड्या १०३.८ आणि ६० मीटरवर येतात, अंतर ४३.८. चुकीच्या आकृतीत ३४.६ आणि ६० मीटरवर, अंतर २५.४. चूक लगेच उघडी पडते.

उत्तर न पाहताही ही चूक पकडता येते. जवळची वस्तू पाहायला मान जास्त खाली घालावी लागते, म्हणून मोठ्या अवनत कोनाची होडी जवळच असली पाहिजे. आकृतीत ६०° ची होडी लांब गेली असेल, तर आकडेमोडीला हात लावण्याआधीच पान उलटावे.

उन्नत कोनात कोन मोजायला क्षितिजसमांतर रेघच लागते, फक्त नजर तिच्यापासून वर जाते. तिथे घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. दीड मीटर उंचीवर डोळे असलेली मुलगी इमारतीपासून २० मीटरवर उभी राहून गच्चीची कड ६०° च्या उन्नत कोनात पाहते, असे गणित घ्या. आडवी रेघ तिच्या पायांतून काढली तर इमारत २०√३, म्हणजे ३४.६ मीटर भरते. पण पाहतात डोळे. रेघ डोळ्यांतून काढली की हे ३४.६ मीटर फक्त रेघेच्या वरच्या भागाचे ठरतात. खालचा दीड मीटर मिळवून इमारतीची उंची ३६.१ मीटर होते. गणितात निरीक्षकाची उंची दिलेलीच नसेल, तर मात्र डोळा जमिनीवरच्या बिंदूपाशी आहे असे धरून चालतात.