चेक परत आला? आधी मेमोवरची तारीख बघा

समजा, इंदूरच्या एका ताईंनी लग्नघरासाठी फराळ पुरवला आणि ४८,००० रुपयांचा चेक घेतला. चेकवर तारीख होती १० जून. त्यांनी तो २ जुलैला बँकेत भरला आणि दुसऱ्याच दिवशी तो परत आला. त्यासोबत बँकेने चिठ्ठी दिली, तिलाच ‘रिटर्न मेमो’ म्हणतात. ताईंनी तिचा फोटो भावाला पाठवला. या फोटोत काय वाचायचं?

पहिलं, परतीचं कारण. ‘फंड्स इनसफिशिअंट’ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नव्हते. ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ म्हणजे बँकेने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा चेकची रक्कम जास्त होती. या दोन्ही कारणांवर कलम १३८ लागू होतं. पण चेकची प्रतिमा अस्पष्ट असल्यासारखं तांत्रिक कारण असेल, तर बँकेत विचारून चेक पुन्हा भरा.

दुसरं, मेमोची तारीख. ताईंच्या मेमोवर ३ जुलै आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. ही मुदत मेमोच्या तारखेपासूनच मोजणं सुरक्षित. म्हणजे शेवटचा दिवस २ ऑगस्ट. नोटिशीत चेकचा क्रमांक, तारीख, परतीचं कारण आणि चेकच्या पूर्ण रकमेची मागणी स्पष्ट लिहावी.

ताईंनी १० जुलैला वकिलामार्फत स्पीड पोस्टने नोटीस पाठवली आणि ती १४ जुलैला पोहोचली. आता समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात, म्हणजे २९ जुलैपर्यंत. त्याआधी केलेली तक्रार टिकत नाही. पैसे आले नाहीत, तर ३० जुलैपासून तक्रारीचा हक्क मिळतो आणि त्यासाठी एक महिना असतो. ताईंनी २९ ऑगस्टच्या आत तक्रार दाखल केलेली बरी. ती ताईंचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या न्यायालयात करायची.

‘चार दिवसांनी पुन्हा टाका, नक्की पास होईल,’ असं समोरचा म्हणाला तर? चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो. त्या मुदतीत तो पुन्हा भरता येतो आणि परत आला, तर नव्या मेमोपासून नोटिशीचे ३० दिवस नव्याने मोजता येतात. पण तीन महिने संपत आले असतील, तर अशा शब्दावर थांबू नका. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही.

फोटो काढताना मेमोची तारीख आणि बँकेचा शिक्का कापला जाऊ देऊ नका. मूळ चेक, मूळ मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि नोटीस पोहोचल्याचा ट्रॅकिंग पुरावा एकाच पाकिटात जपा. फराळाचं बिलही त्यातच ठेवा, कारण चेक खऱ्या देण्यापोटी होता, हे त्यावरून दिसतं.