अतिदक्षता विभागाचा ऑक्सिजन आणि कागदावरचा एक आकडा

रुग्णालयाची नवी इमारत उभी करायची ठरली की नकाशाच्या बरोबरीने आणखी एक दस्तऐवज तयार होतो. त्याचं नाव डिझाइन बेसिस रिपोर्ट. साइटवर सगळे त्याला डीबीआर म्हणतात. वातानुकूलन, वीज, पाणी, आग विझवण्याची व्यवस्था आणि वैद्यकीय वायू किती लागतील हे कोणत्या गृहीतकावर ठरवलं, ते त्यात लिहिलेलं असतं. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत लॉबीच्या फरशीवर तासभर चर्चा होते आणि डीबीआरवर न वाचता सही होते. त्यातला एकच आकडा उदाहरणादाखल घेऊ: अतिदक्षता विभागात एका खाटेला मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन?

समजा विभाग दहा खाटांचा आहे. सल्लागाराने खाटेमागे सरासरी पाच लिटर धरले. दहा खाटांचे मिनिटाला पन्नास लिटर, म्हणजे तासाला तीन घनमीटर आणि दिवसाला 72. मोठ्या, साधारण सात घनमीटरच्या सिलिंडरच्या हिशेबात रोज दहा सिलिंडर. हे सहज झेपतं.

पण कोविडच्या लाटेत नाकातून वेगाने ऑक्सिजन देणारी हाय फ्लो यंत्रं सर्रास वापरात आली. असं एक यंत्र मिनिटाला पन्नास-साठ लिटर घेऊ शकतं. दहाही खाटांवर पन्नासने यंत्रं चालली, तर तासाला तीस घनमीटर, दिवसाला 720, म्हणजे शंभरावर सिलिंडर! टाकी, नळ्या आणि द्रव ऑक्सिजनचा वायू करणारा व्हेपोरायझर पहिल्या आकड्यावर बेतलेले असतील, तर व्हेपोरायझरवर बर्फाचा जाड थर चढतो आणि सगळ्यात लांबच्या खाटेवरचा दाब उतरू लागतो. म्हणून डीबीआरमध्ये सरासरीसोबत सर्वात वाईट दिवसाचा आकडाही हवा, आणि टाकीखेरीज दुसरा व राखीव असे आणखी दोन स्रोत हवेत. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना गळती होऊन दाब कोसळला आणि किमान 22 रुग्ण दगावले. राखीव स्रोत लागतो तो अशाच मिनिटांसाठी.

इथपर्यंतचं बहुतेकांना सुचतं. पुढचं मात्र राहून जातं. रुग्ण यातला फार थोडा ऑक्सिजन शरीरात घेतो. उरलेला खोलीत सुटतो. म्हणजे गॅसवाल्याचा आकडा एसीवाल्याच्या टेबलावर जायला हवा. आपला विभाग दोनशे चौरस मीटरचा आणि तीन मीटर उंच धरू: सहाशे घनमीटर हवा. तासाला दोनदा खोलीभर ताजी हवा आत आली, तर तीस घनमीटर ऑक्सिजन त्यात मिसळून हवेतलं प्रमाण 21 वरून साधारण 23 टक्क्यांच्या जवळ जातं. ताजी हवा तासाला एकदाच आली तर ते पावणेपंचवीसच्या आसपास पोहोचतं. साडेतेवीसच्या वर हवा धोकादायक मानतात, कारण चादर, गादी, वायरचं आवरण लवकर पेट घेतात आणि झपाट्याने जळतात. शिवाय हे सगळीकडे सारखं मिसळलं असं धरून केलेलं गणित आहे. रुग्णाच्या उशाशी प्रमाण याहून जास्तच.

खर्च वाचवायला भिंतीवर स्प्लिट एसी लावणारी रुग्णालयं इथे फसतात. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आणत नाही. खोली थंडगार असते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

आता विजेकडे या. लाइट गेली की पंखे थांबतात, पण टाकीतला ऑक्सिजन दाबाने येतो, त्याला वीज लागत नाही. यंत्रं बॅटरीवर चालू राहिली, तर आपल्या खोलीत 23 च्या जवळ असलेलं प्रमाण आठ-नऊ मिनिटांत साडेतेवीस ओलांडतं. खर्च कमी करताना ‘आरामाची सोय’ म्हणून एसीचा भार जनरेटरवरून काढतात. सगळा एसी नसला तरी चालेल. ताजी हवा आणणारा आणि घाणेरडी हवा बाहेर टाकणारा पंखा मात्र जनरेटरच्या तातडीच्या यादीतच हवा. आग लागलीच तर विभागाचा ऑक्सिजन बंद करणारी झडप दाराबाहेर, परिचारिकेचा हात सहज पोहोचेल अशी हवी.

डीबीआर हातात आलाच, तर वायूंच्या पानावरचा सर्वाधिक प्रवाहाचा आकडा पाहा. मग वातानुकूलनाच्या पानावर अतिदक्षता विभागाची ताजी हवा शोधा आणि विजेच्या पानावर तिचा पंखा जनरेटरवर आहे का ते बघा. तिन्ही पानं बहुधा तीन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असतात. ती जुळत नसतील, तर सही करू नका.