‘सोबतचा अहवाल’ म्हणजे कोणता?

‘सोबतच्या अहवालानुसार यंत्र खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’ गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या प्रोसिडिंग बुकात या साच्यातली वाक्ये पानोपानी सापडतात. सभा होते त्या दिवशी वाक्यात कुणालाच काही खटकत नाही, कारण अहवाल टेबलावर असतो आणि सगळ्यांनी तो चाळलेला असतो. प्रश्न पडतो तो पाच-सहा वर्षांनी. अध्यक्ष बदललेले असतात, तेव्हाचा सीईओ नोकरी सोडून गेलेला असतो आणि एखादा सभासद किंवा लेखापरीक्षक विचारतो, सर्वांत स्वस्त यंत्र का घेतले नाही? फाइल उघडावी तर तीत एकाच अहवालाचे दोन मसुदे निघतात. दोन्हींवर तारीख नाही, सही नाही. मंडळाने कोणता पाहिला, हे सांगायला कुणी उरलेले नसते.

शेतकरी उत्पादक कंपनी शेतकऱ्यांची असली, तरी तिची नोंदणी कंपनी कायद्याखाली होते. त्यामुळे 2013 च्या कंपनी कायद्यातले कलम 118 तिलाही लागू आहे. या कलमाप्रमाणे नीट लिहिलेले इतिवृत्त हा सभेतल्या कामकाजाचा पुरावा मानला जातो. उलट सिद्ध होईपर्यंत सभा रीतसर बोलावली गेली आणि कामकाज रीतसर झाले, असे कायदा गृहीत धरतो. तेच कलम कंपन्यांना सचिवीय मानके पाळायला सांगते आणि संचालक मंडळाच्या सभेचे मानक कागदपत्रांबाबत स्पष्ट आहे. कागदपत्रांच्या आधारे मंजुरी दिली असेल, तर कंपनी सचिवाने किंवा अध्यक्षांनी त्या कागदांवर लघुस्वाक्षरी करून ते ओळख पटेल असे करायचे आणि इतिवृत्तात त्यांचा उल्लेख करायचा. बऱ्याच छोट्या कंपन्यांकडे पूर्णवेळ कंपनी सचिव नसतो. तिथे हे काम अध्यक्षांवरच येते.

एक ठराव जवळून पाहू

समजा, मराठवाड्यातली एक कंपनी तूर आणि सोयाबीन स्वच्छ करून प्रतवारी करणारे यंत्र घेते आहे. 18 जून 2024 रोजी संचालक मंडळाची सभा झाली. विषयपत्रिकेवरचा पाचवा विषय यंत्रखरेदीचा. तीन दरपत्रके आली होती : 13,95,000, 14,80,000 आणि 16,10,000 रुपयांची. मंडळाने मधले यंत्र निवडले. इतिवृत्त असे लिहिता येईल :

‘विषय क्र. 5. खरेदी समितीचा दि. 10 जून 2024 चा अहवाल (परिशिष्ट 5-अ, पाने 4), दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता (परिशिष्ट 5-ब, पान 1) आणि तिन्ही मूळ दरपत्रके (परिशिष्ट 5-क, पाने 9) सभेपुढे ठेवण्यात आली. 13,95,000 रुपयांच्या यंत्राची क्षमता ताशी 1 टन आहे. कंपनीची गरज ताशी 2 टनांची असल्याने ते स्वीकारले नाही. ताशी 2 टन क्षमतेचे व दोन वर्षांची वॉरंटी असलेले यंत्र जीएसटीसह 14,80,000 रुपयांना, परिशिष्ट 5-क मधील दरपत्रक क्र. 2 प्रमाणे, खरेदी करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.’

प्रत्यक्ष वहीत पुरवठादाराचे नावही येईल. या परिच्छेदात परिशिष्टाचा क्रमांक विषयाच्या क्रमांकावरूनच घेतला आहे. त्यामुळे कागद हातात आला की तो कोणत्या विषयाचा, हे शोधावे लागत नाही. अहवालाची तारीख दिल्यामुळे मसुदा आणि अंतिम प्रत यांत गोंधळ होत नाही. पानांची संख्या लिहिल्यामुळे मागाहून एखादे पान घातले किंवा काढले तर ते लक्षात येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वस्त यंत्र नाकारण्याचे कारण ठरावातच आले आहे. परिशिष्ट हरवले तरी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर हरवणार नाही.

इतिवृत्त कसे लिहावे याची माझी कसोटी हीच आहे. निर्णय, रक्कम, अटी आणि मुख्य कारण इतिवृत्ताच्या मजकुरात हवे. त्यामागचा तपशील आणि पुरावा परिशिष्टात हवा. ‘परिशिष्टाप्रमाणे मंजूर’ एवढेच लिहिणारा ठराव परिशिष्टाच्या आयुष्याइतकाच टिकतो. आणि परिशिष्टाचे आयुष्य इतिवृत्ताइतके नसते, हे पुढे दिसेलच.

कोणता कागद जोडायचा?

जो कागद मंडळाने प्रत्यक्ष पाहिला, तोच. सभेनंतर पुरवठादाराने दर उतरवून नवे दरपत्रक पाठवले, तर ते जुन्याच्या जागी ठेवायचे नाही. ते पुढच्या सभेपुढे येईल आणि त्या सभेचे परिशिष्ट होईल. सभेत अहवालातला एखादा आकडा दुरुस्त झाला, तर ती दुरुस्ती त्याच प्रतीवर हाताने करून अध्यक्षांनी तिथे लघुस्वाक्षरी करावी आणि ‘दुरुस्तीसह’ असे इतिवृत्तात नोंदवावे. नवी स्वच्छ प्रत टाइप करून जुनी फेकून देण्याची सवय अनेक कार्यालयांत आहे. ती चांगल्या हेतूने लागलेली असली तरी मंडळाने पाहिलेला कागद त्यात नाहीसा होतो.

प्रत्येक परिशिष्टाच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात सभेची तारीख, परिशिष्ट क्रमांक आणि ‘पान 1/4’ असा उल्लेख करावा. पुढच्या पानांवर ‘2/4’, ‘3/4’ असे लिहीत जावे आणि प्रत्येक पानावर लघुस्वाक्षरी घ्यावी. हे सभा संपताच, संचालक उठण्यापूर्वी उरकले तर पाच मिनिटांचे काम आहे.

मंडळाने त्या कागदाचे काय केले, हेही लिहावे. ‘अहवाल सभेपुढे ठेवला’ म्हणजे तो पाहिला. ‘नोंद घेतली’ म्हणजे तो माहिती म्हणून ध्यानात घेतला. ‘मंजूर केला’ म्हणजे त्यातली प्रत्येक शिफारस मंडळाने आपली केली. खरेदी समितीच्या अहवालात यंत्रासोबत दोन ट्रॉली घेण्याचीही शिफारस असेल आणि मंडळाने ‘अहवाल मंजूर’ लिहिले असेल, तर ट्रॉलींनाही मंजुरी मिळाली असा अर्थ कुणी काढू शकतो. म्हणून जे मंजूर झाले तेवढेच नेमके लिहावे.

आता हे कागद ठेवायचे कुठे? इतिवृत्ताच्या वहीत डकवायचे नाहीत. टाइप केलेले इतिवृत्त वहीत चिकटवायला सचिवीय मानकाची मनाई आहे. सुट्या पानांवर इतिवृत्त ठेवत असाल तर पानांना सलग क्रमांक हवेत आणि ती ठरावीक काळाने बांधून घ्यायला हवीत. परिशिष्टे वेगळ्या फाइलमध्ये सभावार लावावीत. फाइलच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असावी : परिशिष्ट क्रमांक, कागदाचे नाव, तारीख, पाने, इतिवृत्ताचे पान. म्हणजे वहीवरून फाइलकडे आणि फाइलवरून वहीकडे, दोन्ही बाजूंनी जाता येते.

वजनकाट्याच्या पावत्यांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. थर्मल कागदावरची छपाई काही काळाने उडते. अशा पावतीची लगेच झेरॉक्स काढून मूळ पावतीसोबत ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले दरपत्रक छापून घ्यावे आणि ते कुणाकडून, कोणत्या दिवशी आले हे त्यावर लिहावे. फोन बदलला की मूळ संदेश जातो.

इतिवृत्ताचे वेळापत्रकही ठरलेले आहे. मसुदा सभेनंतर 15 दिवसांत संचालकांकडे जातो, त्यांना म्हणणे मांडायला 7 दिवस मिळतात आणि 30 दिवसांच्या आत इतिवृत्त वहीत उतरावे लागते. आपल्या उदाहरणात ही शेवटची तारीख 18 जुलै 2024. एकदा वहीत नोंद झाली की तीत बदल करता येत नाही. चूक आढळली तर पुढच्या सभेत मंडळाची स्पष्ट मान्यता घेऊनच दुरुस्ती होते. इतिवृत्तात खाडाखोड किंवा फेरफार केल्याचे सिद्ध झाले, तर कलम 118 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार ते एक लाख रुपये दंड होऊ शकतो.

किती वर्षे सांभाळायचे?

इतिवृत्त कायम जतन करायचे असते, मग ते सर्वसाधारण सभेचे असो वा संचालक मंडळाचे. सभेची सूचना, विषयपत्रिका, टिपणे आणि संबंधित कागद मात्र ‘उपयोगात असेपर्यंत किंवा आठ आर्थिक वर्षे, यांपैकी जे उशिराचे असेल तोपर्यंत’ ठेवायचे असतात. त्यानंतर ते मंडळाच्या मान्यतेने नष्ट करता येतात. या नियमातला ‘जे उशिराचे’ हा भाग घाईत वाचला जात नाही आणि फाइलवर सरसकट ‘आठ वर्षे’ असा शिक्का पडतो.

18 जूनच्या त्याच सभेत सहावा विषय होता, असे धरू : यंत्राच्या शेडसाठी जागा 15 वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेण्याचा. दोन्ही विषयांचे कागद एकाच दिवसाचे, एकाच फाइलमधले. ती सभा 2024-25 या आर्थिक वर्षातली. ते वर्ष 31 मार्च 2025 ला संपले. तिथून पुढची आठ पूर्ण वर्षे मोजली, म्हणजे सर्वांत सुरक्षित हिशेब केला, तर 31 मार्च 2033 येते. तोवर यंत्राचे कर्ज फिटले असेल आणि कसला वाद चालू नसेल, तर दरपत्रकांचा उपयोग संपला. भाडेपट्टा मात्र 2039 पर्यंत चालणार. जागेचा नकाशा, मालकाचे संमतीपत्र, भाडेवाढीची बोलणी हे सगळे कागद पट्टा संपून शेवटचा हिशेब मिटेपर्यंत उपयोगातच आहेत. म्हणून जतनाची मुदत सभेला लावायची नसते, विषयाला लावायची असते. अनुक्रमणिकेत ‘केव्हापर्यंत’ असा एक रकाना वाढवला की हे साधते.

काही परिशिष्टे ठरावाचा गाभाच असतात. मंडळाने मालखरेदीचे धोरण मंजूर केले आणि धोरणाचा मजकूर फक्त परिशिष्टात असला, तर तो कागद गेल्यावर ठराव पोकळ होतो. असे परिशिष्ट इतिवृत्तासोबत कायम ठेवावे.

इतर कायद्यांच्या मुदतीही तपासाव्या लागतात. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने ठेवायचे असतात. कंपनी कायद्याखालची हिशेबपुस्तके आठ आर्थिक वर्षे. यंत्रासाठी सरकारी प्रकल्पातून अनुदान घेतले असेल, तर त्या करारात कागद जपण्याची वेगळी अट असू शकते. एकाच कागदाला दोन मुदती लागू झाल्या तर लांबची पाळावी.

नष्ट करतानाही ठराव

मुदत संपली म्हणून कागद परस्पर रद्दीत घालू नयेत. आधी यादी करावी : परिशिष्ट क्रमांक, सभेची तारीख, विषय, मुदत केव्हा संपली. प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी तपासाव्या. कर्ज किंवा करार चालू आहे का? कोर्टात, कर खात्यात किंवा अनुदान देणाऱ्या कार्यालयात काही प्रकरण प्रलंबित आहे का? ठरावाचा मुख्य मजकूर फक्त याच कागदात आहे का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर ती ओळ यादीतून काढावी. उरलेली यादी मंडळापुढे ठेवून मान्यता घ्यावी आणि कागद फाडून किंवा श्रेडरमध्ये घालून नष्ट करावेत, कारण त्यांत सभासदांचे खाते क्रमांक आणि आधारच्या प्रतीही असतात.

ती यादी मग त्या सभेचे परिशिष्ट होते. तिला आठ वर्षांची मुदत लावू नये. ती इतिवृत्तासोबत कायम ठेवावी. 2033 नंतर कुणी परिशिष्ट 5-क मागितले, तर तो कागद कोणत्या ठरावाने आणि कोणत्या दिवशी नष्ट केला, हे कंपनीला त्याच यादीवरून सांगता येईल. आणि मधले यंत्र का घेतले, याचे उत्तर वहीतल्या त्या परिच्छेदात असेलच.