पावडरच्या बाटलीत पाणी घालताना

लहान मुलांच्या अँटिबायोटिकच्या बऱ्याच बाटल्या मेडिकलमधून घरी येतात तेव्हा त्यांत पातळ औषध नसतंच. तळाशी थोडी पांढरट पावडर असते आणि वरची बाटली रिकामी. पाणी घरी घालायचं, हलवायचं आणि मग मुलाला द्यायचं. म्हणजे औषध तयार करण्याचं शेवटचं काम कारखान्यात न होता आपल्या ओट्यावर होतं. ते नीट झालं तरच डॉक्टरांनी लिहिलेला डोस मुलाच्या पोटात जातो.

कान दुखणं, सायनस, छातीतला संसर्ग अशा तक्रारींवर आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांचं जोड-औषध घेऊ. हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. या घराण्यातल्या प्रत्येक औषधाच्या रेणूत चार अणूंचं एक छोटं कडं असतं. १९४५ साली डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने ते पक्कं दाखवून दिलं. हे कडं ताणलेलं असतं, फुटायला टपलेलं. जंतूची भिंत बांधणाऱ्या विकराला ते चिकटतं आणि तिथे फुटतं, म्हणून औषध काम करतं. पण पाण्याच्या सहवासातही ते हळूहळू फुटत राहतं, आणि एकदा फुटलं की त्या रेणूचा उपयोग संपला. पावडर कोरडी असेपर्यंत वर्ष-दोन वर्षं टिकते. पाणी पडल्यावर दिवस मोजावे लागतात. पेनिसिलिनचं इंजेक्शनही कुपीत पावडर म्हणून यायचं आणि नर्स ऐन वेळी त्यात पाणी सोडायची, हे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला त्या काळातल्या लोकांना आठवत असेल. कारण हेच.

जोडीतला दुसरा घटक, क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, याहून नाजूक. काही जंतू अमॉक्सिसिलिनचं कडं आधीच फोडून टाकणारं एक विकर सोडतात. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड त्या विकराला अडवून धरतं आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देतं. पाण्यात आणि उष्णतेत आधी नासतं ते हेच. ओट्यावर राहिलेल्या बाटलीत अमॉक्सिसिलिन बरंचसं शिल्लक असू शकतं, पण त्याचा रक्षक बराच कमी झालेला असतो. मग ज्या जंतूंसाठी डॉक्टरांनी साधं अमॉक्सिसिलिन न लिहिता मुद्दाम जोड-औषध लिहिलं, नेमके तेच जंतू वाचतात.

आता पाण्याकडे येऊ. नेहमीची बाटली ३० मिलीची, आणि तिच्यावर लिहिलेलं असतं की ५ मिलीमध्ये २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि २८.५ मिलिग्रॅम क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. म्हणजे अख्ख्या बाटलीत १२०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन. ३० मिली हे तयार औषधाचं माप आहे, घालायच्या पाण्याचं नव्हे. पावडरसुद्धा जागा घेते. समजा ती ३ मिली जागा घेते आणि कोणी मापून ३० मिली पाणी ओतलं, तर औषध ३३ मिली होतं आणि ५ मिलीत २०० ऐवजी सुमारे १८२ मिलिग्रॅमच उरतात. उलट, पातळ नको म्हणून २० मिलीच पाणी घातलं, तर औषध २३ मिली होतं, ५ मिलीत सुमारे २६१ मिलिग्रॅम जातात, आणि सहा डोसांची बाटली पाचव्या डोसालाच अपुरी पडते. बाटली अकाली संपली किंवा संपायच्या दिवशी बरंच उरलं, तर पाण्याचं प्रमाण चुकलं असण्याची दाट शक्यता असते.

म्हणून बाटलीच्या काचेवर किंवा लेबलवर रेघ अथवा बाणाची खूण असते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं हवं. कोमटही नको, कारण उष्णतेने कडं लवकर फुटतं. आधी बंद बाटली तळहातावर आपटून पावडर मोकळी करावी. मग खुणेच्या बरंच खाली, साधारण अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंत पाणी घालून झाकण घट्ट लावावं आणि लगेच जोरात हलवावं. बाटली उलटी करून तळ पाहावा. कोपऱ्यात कोरडी गुठळी चिकटलेली दिसली तर पुन्हा हलवावं. फेस येतो. तो बसेपर्यंत थांबावं, कारण फेसाची वरची कड म्हणजे औषधाची पातळी नव्हे. फेस बसला की औषध खुणेच्या खाली गेलेलं दिसेल. आता थोडं थोडं पाणी घालून डोळ्यांसमोर धरलेल्या खुणेपर्यंत आणावं आणि पुन्हा हलवावं. पहिल्याच फटक्यात खुणेपर्यंत पाणी भरलं की चूक होते ती इथे.

काही कंपन्या खोक्यात पाण्याची छोटी प्लॅस्टिकची कुपी देतात. ते निर्जंतुक पाणी त्याच बाटलीच्या मापाचं असतं. सगळं ओतायचं, आणि दुसऱ्या औषधाच्या बाटलीला वापरायचं नाही. तरी खूण पाहून घ्यावी. दूध, सरबत किंवा बाळाला आवडतं म्हणून साखरपाणी बाटलीत कधीच घालू नये.

खुणेच्या वर पाणी गेलं तर? बरेच जण वरचं थोडं ओतून टाकतात. त्याने पातळी बरोबर येते, पण औषध तितकंच पातळ राहतं. वर, ओतलेलं औषध वाया जातं. तसंच दोन दिवसांनी दाट वाटलं म्हणून वरून पाणी घालणंही चूक. तोवर काही डोस जाऊन बाटलीतलं औषध कमी झालेलं असतं आणि त्या खुणेला काही अर्थ उरलेला नसतो. अशा वेळी डॉक्टरांना किंवा केमिस्टला फोन करून नवी बाटली घ्यावी हे उत्तम. थोड्या पैशांसाठी अर्धवट डोस देण्यात शहाणपण नाही, असं माझं ठाम मत आहे.

तयार झालेलं औषध साखरेसारखं पाण्यात विरघळून जात नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि बाटली उभी ठेवली की खाली बसतात. ते सावकाश बसावेत म्हणून पावडरीत डिंकासारखा पदार्थ मिसळलेला असतो, तरी रात्रभरात थर साचतोच. न हलवता वरून ओतलं तर सुरुवातीच्या डोसांत पाणीच जास्त जातं आणि शेवटचे डोस दाट, जोरदार होतात. मूल तिसऱ्या दिवशीही तापलेलं आणि शेवटी एकदम जुलाब लागले, तर बाटली प्रत्येक वेळी हलवली जात होती का, हे एकदा विचारून पाहावं. प्रत्येक डोसाआधी बाटली हलवून तळ मोकळा झाल्याची खात्री करायची, मग सोबतच्या मापाने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने औषध मोजायचं. घरातल्या चमच्यांचं माप घरागणिक बदलतं, त्यावर भरवसा नको.

हे जोड-औषध तयार झालं की फ्रीजमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला. दारातल्या कप्प्यात नाही, कारण दार उघडलं की तिथे गरम हवा लागते. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नाही, कारण औषध गोठलं तर कण एकमेकांना धरतात आणि पुन्हा नीट मिसळत नाहीत. मधल्या फळीवर, मागच्या बाजूला आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवावं. मात्र प्रत्येक पावडरच्या बाटलीला फ्रीज लागतोच असं नाही. ॲझिथ्रोमायसिनला लागत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिन तर फ्रीजमध्ये ठेवूच नये असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. शेजारच्या बाळाच्या बाटलीवरून आपल्या बाटलीचा निर्णय करू नये, खोकं वाचावं.

मे महिन्यात अकोल्या-चंद्रपुराकडे घरातलं तापमान चाळिशीला टेकतं आणि वीजही जाते. थोडा वेळ वीज गेली तर फ्रीज न उघडणं हा साधा उपाय. ज्या घरात फ्रीजच नाही तिथे माठाशेजारचा गारवा पुरेसा समजू नये, तो ८ अंशांच्या जवळपासही जात नाही. अशा पालकांनी डॉक्टरांना ते आधीच सांगावं. याच औषधाच्या पाण्यात विरघळणाऱ्या छोट्या गोळ्या मिळतात. ऐन वेळी चमचाभर पाण्यात एक गोळी विरघळवायची आणि द्यायची, बाटली सांभाळायचा प्रश्नच येत नाही. मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ अमॉक्सिसिलिनच्या अशाच गोळ्यांचा आग्रह धरतात. दुकानदार बाटली तिथेच मिसळून देऊ म्हणाला आणि घर एसटीने दोन तासांवर असेल, तर नको म्हणावं. पावडर कोरडी घेऊन जाऊन घरी मिसळावी.

या बाटलीच्या दोन मुदती असतात, आणि सगळ्यांत जास्त घोळ तिथेच होतो. खोक्यावर छापलेला महिना आणि वर्ष ही कोरड्या पावडरीची मुदत, तीही पावडर मोकळी आणि पांढरट असेल तरच. आधीच ओलसर गोळा झालेली किंवा पिवळी पडलेली पावडर परत करावी. दुसरी मुदत पाणी घातल्याच्या क्षणी सुरू होते. या जोड-औषधावर आपल्याकडे बहुधा फ्रीजमध्ये सात दिवस असं लिहिलेलं असतं. इतर औषधांचे दिवस वेगळे, पण असतात नक्की. ही तारीख कारखाना छापू शकत नाही, ती घरातच लिहावी लागते. पाणी घालताच पेनाने लेबलवर मिसळल्याची आणि फेकायची अशा दोन्ही तारखा टाकाव्यात.

धरा, दहा किलोच्या मुलाला ५ मिली दिवसातून दोनदा, पाच दिवस लिहून दिलं. एकूण ५० मिली, म्हणजे दोन बाटल्या. पहिली तीन दिवसांत संपते. दुसरीत पाणी पहिल्याच दिवशी घालायचं नाही. चौथ्या दिवशी सकाळी मिसळली की तिच्यातले २० मिली जातात आणि १० मिली उरतं. पाचव्या दिवशी औषध पूर्ण झालं, मूल खेळायला लागलं, आणि ते १० मिली फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने बसून राहतं. मग धाकटीला ताप आला की कोणीतरी ते काढतं. दिसायला काही बदललेलं नसतं. फार नासलं तर रंग पिवळा-तपकिरी होतो, वास बदलतो, पण औषध निम्मं निकामी झालं तरी रंग तसाच राहू शकतो. डोळ्यांना दिसणार नाही, म्हणूनच दिवस मोजायचे. आणि धाकटीचा ताप विषाणूचा असेल तर ताजी बाटलीही तिच्या उपयोगाची नव्हती.

उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतू नये, तेच पाणी पुढे नदीत जातं आणि तिथल्या जंतूंना औषधाची सवय लागते. वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवून जाड पिशवीत बांधावं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात घातली होती, तेव्हा ती पिशवी ओल्या-सुक्यात न टाकता घंटागाडीवाल्याला वेगळी द्यावी. लेबल फाडून बाटली धुऊन दुसऱ्या कशाला वापरू नये, आणि तिचं मापाचं झाकणही पुढच्या औषधासाठी जपून ठेवू नये, कारण पुढच्या बाटलीसोबत तिचं स्वतःचं माप येतं.