पडदा बंद ठेवून खेळायचे गेम

श्राव्य गेम म्हणजे संगणकाचा किंवा मोबाइलचा पडदा बंद ठेवला तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता येणारा गेम. शत्रू कोणत्या बाजूने येतोय, दार किती लांब आहे, पायांखाली चिखल आहे की लाकडी फळ्या, हे सगळे त्यात आवाजावरून कळते. याच्याच शेजारचा दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीन रीडरवर चालणारे गेम. स्क्रीन रीडर हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. संगणकावर मोफत मिळणारे एनव्हीडीए, अँड्रॉइडवरचे टॉकबॅक आणि आयफोनवरचे व्हॉइसओव्हर ही त्यातली नेहमीची नावे. चांगल्या गेममध्ये दोन्हींची कामे वाटून दिलेली असतात: जागा आणि हालचाल ध्वनीने कळते, तर यादी, आकडे आणि संवाद वाचून दाखवले जातात.

ध्वनीवरून दिशा कशी कळते हे समजले, तर या गेमची रचना अशीच का असते तेही समजते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी पोचतो. दोन कानांतला हा फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय वरच्या पट्टीचा आवाज मध्ये डोके आल्याने पलीकडच्या कानात मंद होतो. हेडफोनच्या दोन बाजूंना हेच दोन फरक हिशेबाने पुरवले की आवाज ठरावीक बाजूने आल्यासारखा वाटतो.

अडचण येते ती नेमके समोर आणि नेमके मागे हे ओळखताना. दोन्हीकडचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी आणि सारख्याच जोराने पोचतो. प्रत्यक्षात कानाच्या पाळीची घडण आवाजात सूक्ष्म बदल करते आणि माणूस नकळत मान वळवून खात्री करून घेतो. हेडफोनमध्ये मान वळवून उपयोग नसतो, कारण आवाजही मानेबरोबर फिरतो. पाळीचा परिणाम गणिताने घडवता येतो, पण प्रत्येकाची पाळी वेगळी असल्याने सरासरी मापाचे गणित सगळ्यांना सारखे लागू पडत नाही. म्हणून बरेच श्राव्य गेम मागचा आवाज मुद्दाम थोडा दबका किंवा खालच्या पट्टीत देतात. खेळाडूची स्वतःचीही एक युक्ती असते. पात्राला किंचित उजवीकडे वळवायचे. आवाज समोर असेल तर तो डाव्या कानाकडे सरकतो, मागे असेल तर उजव्या.

कॅनडातल्या फॉलिंग स्क्विरल या कंपनीचा ‘द वेल: शॅडो ऑफ द क्राउन’ हा 2021चा गेम ही मर्यादा ध्यानात ठेवून खेळला, तर त्याची रचना चटकन उलगडते. त्याची नायिका ॲलेक्स ही अंध राजकन्या आहे आणि पडद्यावर रंगांचे तरंगते ठिपके सोडले तर काहीच दिसत नाही. लढाईत वार डावीकडून, समोरून किंवा उजवीकडून येतात. कान ज्या तीन दिशा बिनचूक ओळखतो, त्याच या. शत्रूचे पाऊल, श्वास, वार करण्याआधीची हाक ऐकून ढाल त्या बाजूला धरायची, वार अडला की त्याच बाजूला उलटा वार करायचा. शत्रू एकच असेल तेव्हा हे सोपे वाटते. दोघे-तिघे झाले की कोणाची हाक आधी आली आणि कोणाची नंतर हे लक्षात ठेवावे लागते, आणि खरी चुरस तिथे सुरू होते. डोळस खेळाडूलाही इथे कानांवरच विसंबावे लागते, त्याला जास्तीचे काही मिळत नाही.

लढाईपेक्षा मोकळी जागा हिंडणे अवघड असते. डोळ्याला पूर्ण खोली एका क्षणात दिसते, पण दहा वस्तू एकाच वेळी वाजू लागल्या तर कानाला एकही नीट कळत नाही. यावरचा उपाय असा, की वस्तूंनी सतत वाजत राहू नये, खेळाडूने विचारल्यावरच उत्तर द्यावे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट 2’ हा 2020चा गेम मुळात डोळस खेळाडूंसाठी, भव्य चित्रांचा. पण नॉटी डॉग कंपनीने त्यात साठाहून अधिक सुलभता-पर्याय दिले आणि अनेक दृष्टिहीन खेळाडूंनी तो एकट्याने पूर्ण केला. त्यात कानोसा घेण्याचे बटण धरून दुसरे बटण दाबले, की जवळपासच्या वस्तू आपापल्या जागेवरून वाजतात. वस्तू उंचावर असेल तर सूर वर चढतो. शत्रूंसाठी वेगळे बटण आहे. आणखी एक बटण पात्राचे तोंड कथेच्या पुढच्या वाटेकडे वळवते. मेनू आणि सूचना गेम स्वतःच वाचून दाखवतो. हा शेवटचा गुण फार महत्त्वाचा आहे, कारण मेनूच न कळल्यास सुलभतेचे पर्याय चालू करायलाही डोळस माणसाची मदत लागते.

बहुतेक गेम स्क्रीन रीडरला मुके असतात, त्यालाही साधे कारण आहे. स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘बघत’ नाही. तो विंडोज किंवा अँड्रॉइडला विचारतो की इथे कोणते बटण आहे, त्याचे नाव काय. गेम मात्र आपली बटणे चित्रासारखी स्वतः रंगवतो आणि त्यांची नावे यंत्रणेला कळवत नाही. परिणामी वाचकाला काहीच सापडत नाही, किंवा तो नुसते ‘बटण, बटण’ म्हणत राहतो. उपाय निर्मात्याच्या हातात असतो: प्रत्येक बटणाला नाव द्यायचे आणि घडामोडींचा मजकूर थेट वाचकाकडे धाडायचा. ‘अ डार्क रूम’ हा मजकुरावर चालणारा गेम आयफोनवर व्हॉइसओव्हरने खेळता येतो, तो अशाच कामामुळे. मोबाइलवर एक जास्तीचा घोळ होतो. बोट फिरवण्याच्या खुणा आधी स्क्रीन रीडर उचलतो, गेमपर्यंत त्या पोचतच नाहीत. ‘या भागातला स्पर्श थेट गेमला दे’ असे निर्मात्याने सांगून ठेवले नसेल, तर खेळाडूला वाचक बंद करूनच खेळावे लागते.

खेळणाऱ्याच्या बाजूनेही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. सगळे आवाज डोक्याच्या मधोमध ऐकू येत असतील तर फोनमधला ‘मोनो ऑडिओ’ चालू आहे असे समजावे, तो बंद करावा. ढाल वेळेवर धरूनही वार लागत असेल तर बिनतारी हेडफोनवर संशय घ्यावा. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा पोचतो. गाणे ऐकताना तो उशीर जाणवत नाही, लढाईत मात्र हार पदरात येते. तारेचे साधे हेडफोन इथे महागड्या बिनतारी जोडीपेक्षा चांगले.

मराठी खेळाडूपुढे भाषेचा प्रश्न उरतो. ‘द वेल’सारख्या गेमचा जीव ध्वनिमुद्रित इंग्रजी संवादांत आहे, आणि तसे संवाद मराठीत मुद्रित करायला नट आणि पैसा लागतो. मजकुरावर चालणाऱ्या गेमला यातले काही लागत नाही. एनव्हीडीएसोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठी वाचतो, अँड्रॉइडवरही मराठी आवाज मिळतो. त्यामुळे मराठीत गेम करू इच्छिणाऱ्यांनी सुरुवात मजकुराच्या गेमपासून करावी, बटणांना नावे पहिल्या दिवसापासून द्यावीत, आणि पहिली चाचणी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या खेळाडूंकडून करून घ्यावी.