शितावरून भाताची परीक्षा

निवडणूक आली की आमच्या न्हावऱ्यात चहाच्या टपरीवर जनमत चाचणीचे आकडे फिरू लागतात. 'अमका दोन टक्क्यांनी पुढे' एवढे वाचून पैजा लागतात, आणि आपल्या वस्तीत येऊन 'निकाल लागलाच आहे, मत कशाला फुकट घालवता' असे सांगणारेही निघतात. म्हणून हा हिशेब वाचक बंधु-भगिनींपुढे मांडत आहोत.

समजा १००० मतदारांना विचारले. ४६ टक्के एका बाजूला, ४४ टक्के दुसऱ्या. खाली बारीक अक्षरात 'चुकीची मर्यादा ३ टक्के' असे असते. शितावरून भाताची परीक्षा करताना जे कमीजास्त होते, त्याचे हे माप. अशा १०० चाचण्या घेतल्या तर सुमारे ९५ वेळा खरा आकडा या मर्यादेत सापडतो. म्हणजे पहिल्याची खरी मते ४३ ते ४९ टक्के, दुसऱ्याची ४१ ते ४७. दोघांमधले अंतर पाहताना मात्र मर्यादा ३ नव्हे, जवळजवळ ६ धरावी, कारण एकाचा आकडा चुकून वर गेला की दुसऱ्याचा बहुधा खाली येतो. तेव्हा ही २ टक्क्यांची आघाडी खरे तर ८ टक्क्यांची असेल, नाहीतर ४ टक्क्यांची पिछाडीही असेल.

मग आघाडीला अर्थच नाही काय? आहे. नमुना प्रामाणिक असेल तर पहिला खरोखर पुढे असण्याची शक्यता साधारण चारात तीन. पण पातेल्यातला भात ढवळलेला असतो, गाव ढवळलेले नसते. पेठेत विचारून वस्ती सोडली, किंवा कोणी भीतीपोटी खोटे सांगितले, तर ती चूक या ३ टक्क्यांत धरलेलीच नसते.

'बौद्धांची मते अमक्याकडे वळली' अशी बातमी वाचताना तर आपण फारच सावध असावे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ५.८ टक्के होते. म्हणजे त्या १००० जणांत आपले ५८. एवढ्यांवरून काढलेल्या आकड्याची मर्यादा १३ टक्क्यांच्या आसपास जाते! मर्यादा निम्मी करायची तर माणसे चौपट विचारावी लागतात.

मतांवरून जागा काढणे त्याहून कठीण. २०२४ च्या लोकसभेला सी-व्होटरने महाराष्ट्रात महायुतीला २२ ते २६ आणि महाविकास आघाडीला २३ ते २५ जागा दिल्या होत्या. ४ जूनला मोजणी झाली. दोन्ही बाजूंच्या मतांत एका टक्क्याचाही फरक निघाला नाही, तरी जागा मात्र आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले.